तीन मिनिटं सहा सेकंदांवरचं हसू

ताईने मेसेज लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता. ताई म्हणजे माझी मामेबहीण, सांगलीला असते. तिच्या लेकीचं लग्न माघात मिरजेला झालं आणि अकरा आठवड्यांनी शूटिंगवाल्यांकडून फिल्म आली. घरात सगळ्यांनी ती बघितली आणि ज्याला जे खटकलं ते त्याने ग्रुपवर टाकलं. ताईने ते सगळं जमवून एकच लांबलचक मेसेज केला होता. त्यात तेवीस तक्रारी होत्या. ‘गाणं बदला.’ ‘आई कुठेच दिसत नाहीत.’ ‘चेहरे जांभळे आलेत.’ ‘काकांचा भाग वाढवा.’ ‘एकूण काही भारी वाटत नाही.’ आणि शेवटी, ‘एवढे पैसे घेऊन असं काम?’

मी गेली चौदा वर्षं लग्नाच्या फिल्म एडिट करते. असे मेसेज मला आठवड्याला एक-दोन तरी येतात, त्यामुळे तो वाचताना मला ताईही दिसत होती आणि तो मेसेज उघडणारा मुलगाही. ताईचं दुःख खरं होतं. पण त्या तेवीस ओळी वाचून टेबलावर बसलेल्या माणसाने हात नेमका कुठे घालायचा, हे त्यातून कळत नव्हतं. शिवाय दर ठरवताना आलेल्या कोटेशनमध्ये ‘दोन वेळा करेक्शन मोफत’ अशी ओळ होती. हा मेसेज गेला असता, तर त्यातली एक वेळ तिथेच वाया गेली असती. मी ताईला म्हटलं, मेसेज राहू दे, मी रविवारी येते, आपण बसून पत्र लिहू.

आधी मी फिल्म कशावर बघितली ते विचारलं. बहुतेकांनी ती व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेली बघितली होती. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ पाठवताना त्याचा आकार खूप कमी करतं, आणि त्यात पहिला बळी जातो तो बारीक तपशिलाचा: जरीचा काठ, फुलांच्या माळा, उडणाऱ्या अक्षता. ‘फिल्म धूसर आहे’ ही तक्रार तेवीसपैकी चार जणांची होती आणि ती फिल्मची नव्हतीच. आम्ही पेन ड्राइव्ह काढला. त्यात तीन फाइल होत्या: दीड मिनिटाचा टीझर, सहा मिनिटं चाळीस सेकंदांची `Highlight_Final.mp4` आणि दोन तास एक्कावन्न मिनिटांची `Full_Video.mp4`. टीव्हीवर लावलं, टीव्हीचा ‘विविड’ मोड बंद करून साधा केला, आणि हळदीतले पिवळेजर्द चेहरेही बरेचसे जागेवर आले. आणखी दोन तक्रारी तिथे गळल्या.

घरोघरी होतं असं की सगळे हायलाइट पुन्हा पुन्हा बघतात आणि फुल व्हिडिओ कोणी उघडतसुद्धा नाही. करेक्शन मागायची असेल तर मात्र तोच उघडायला हवा. हायलाइट म्हणजे वेचलेले तुकडे. फुल व्हिडिओ एका जागी उभ्या असलेल्या कॅमेऱ्यावरून बनतो, तो विधी सलग टिपतो आणि त्यात बहुधा मूळ आवाज असतो. शूटिंगवाल्यांकडे काय आहे आणि काय नाही, याचा आपल्या हातातला एकमेव नकाशा म्हणजे हा फुल व्हिडिओ.

आता त्या हसण्याकडे येते.

आजींनी, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, नातीसाठी मंगलाष्टकं स्वतः रचली होती. पाच कडवी, शार्दूलविक्रीडितात. वय अठ्ठ्याहत्तर. दोन महिने त्या रोज दुपारी म्हणून बघत होत्या, आणि लग्नात माइकसमोर उभं राहून त्यांनी ती म्हटली. हायलाइटमध्ये अंतरपाटाचा भाग ०२:४८ ते ०३:३५ असा सत्तेचाळीस सेकंदांचा आहे. दृश्यं सुंदर आहेत, पण त्या सगळ्यावर एक हिंदी सिनेमातलं गाणं आहे. आजींचा आवाज एका अक्षरानेही नाही, आणि त्या स्वतः त्यात दिसत नाहीत. ‘आई कुठेच दिसत नाहीत’ ही तक्रार म्हणजे हीच होती, फक्त तिच्यात नेमकं काय हवं ते लिहिलेलं नव्हतं.

त्या भागात ०३:०६ वर नवरीचा जवळून घेतलेला एक शॉट आहे. ती डावीकडे मान वळवते, क्षणभर तिचा चेहरा ताणलेला दिसतो, आणि मग ती हसते. शॉट मंद गतीत आहे. बघणाऱ्याला वाटतं की ती नवऱ्याकडे बघतेय. पण मध्ये तर अंतरपाट आहे, आणि नवरा तिच्या समोर आहे, डावीकडे नाही. मी तो शॉट चार वेळा बघितला आणि मग फुल व्हिडिओत मंगलाष्टकं शोधली. १:१४:२० ला आजी सुरुवात करतात. एक कडवं साधारण पाऊण मिनिटाचं. १:१६:३५ ला चौथं कडवं सुरू होतं, आणि तिसऱ्या चरणात, १:१७:०० ला, त्यांचा श्वास तुटतो. हॉल गप्प होतो. मागच्या कॅमेऱ्यात लांबून दिसतं की अंतरपाटामागून नवरीची मान आवाजाच्या दिशेने वळली. दोन सेकंदांनी आजींनी चरण पुन्हा पकडला. तेच ते हसू. कॅमेऱ्याने ते टिपलं होतं, पण ज्याने ते कापून फिल्ममध्ये बसवलं त्याला ते कशामुळे आलं हे माहीत नव्हतं.

कसं माहीत असणार? आमच्या धंद्यात ज्याने शूट केलं तोच एडिट करेल असं फारसं घडत नाही. सीझनमध्ये स्टुडिओकडे ओळीने लग्नं असतात, आणि डेटा दुसऱ्या गावातल्या एडिटरकडे जातो. मीही हेच काम करते. मी त्या लग्नाला गेलेली नसते. मला आजी कोण, मावशी कोण, कुणी कुणासाठी काय केलं, यातलं काही ठाऊक नसतं. माझ्यासमोर शेकडो तुकडे असतात आणि मी त्यातले देखणे निवडते. घरच्या माणसांना वाटतं की आपली आजी मुद्दाम वगळली. ती वगळलेली नसते, ओळखलेली नसते. म्हणून पत्रात नातं लिहून भागत नाही, ओळख पटेल असं लिहावं लागतं: जांभळं इरकल नेसलेल्या, चष्मा लावलेल्या, माइकसमोर हातात कागद धरून उभ्या असलेल्या बाई.

पुढचा प्रश्न होता तो आवाज वापरण्याजोगा आहे का, हा. हे घरबसल्या कळतं. कॅमेऱ्यावरच्या माइकने घेतलेला आवाज घुमतो, त्यात पंख्याचा, खुर्च्यांचा, लहान मुलांचा आवाज मिसळलेला असतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून किंवा जवळच्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज कोरडा आणि जवळचा लागतो. फुल व्हिडिओत आजींचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. म्हणजे आवाज वेगळा रेकॉर्ड झालेला होता.

आता खरी अडचण. नवरीचा तो जवळचा शॉट मंद गतीत आहे. असे शॉट सेकंदाला १०० फ्रेमने घेतात आणि २५ फ्रेमने दाखवतात, म्हणून ते चौपट सावकाश दिसतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत या मोडमध्ये आवाज रेकॉर्ड होतच नाही. म्हणजे त्या शॉटखाली आजींचा आवाज नुसता टाकला, तर आजी दोन सेकंद थांबणार आणि नातीचं वळणं आठ सेकंद चालणार. पण १०० फ्रेमचा शॉट चौपट वेगाने चालवला की तो पुन्हा खऱ्या वेगात येतो आणि अगदी गुळगुळीत दिसतो, कारण फ्रेम मुळातच जास्त असतात. उलटं करता येत नाही. २५ फ्रेमचा शॉट ताणून मंद केला की तो अडखळत चालतो. तेव्हा करेक्शन शक्य होती. अडचण राहिली ती मुक्या शॉटला दुसऱ्या कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवण्याची. सिनेमात त्यासाठी पाटी वाजवतात. लग्नात पाटी नसते, पण अक्षता असतात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ म्हटलं की अक्षता उडतात, आणि त्या सगळ्या कॅमेऱ्यांत एकाच क्षणी उडतात. अक्षता जुळल्या की मधलं सगळं जुळतं.

यातलं काही ताईने पत्रात लिहायचं नव्हतं. शॉटचा वेग किती करा, फ्रेम कशा जुळवा हे एडिटरला सांगितलं तर त्याला ते टोचतं, आणि ते त्याचं कामच आहे. तिने तीनच गोष्टी लिहायच्या होत्या: हायलाइटमधली जागा, फुल व्हिडिओतली जागा, आणि ते का हवं आहे. ‘का’ लिहिलं नाही तर एडिटर आजींचा एखादा बरा दिसणारा शॉट कुठेतरी बसवून देतो आणि करेक्शन झाली असं म्हणतो. तो चुकीचं काही करत नाही. त्याला सांगितलंच तेवढं असतं.

मग राहिलेल्या तक्रारींवर बसलो. ताई म्हणत होती, सगळंच लिहू, त्यातलं होईल ते होईल. मी तिला थांबवलं.

गाणं बदलायची मागणी सात जणांची होती. पण गाणं ही फिल्मवर पसरलेली चादर नसते, शॉट त्याच्या ठेक्यावर कापलेले असतात. या हायलाइटमध्ये मी मोजले तर पावणेदोनशेच्या आसपास शॉट निघाले. दुसऱ्या गाण्याचा ठेका वेगळा, म्हणजे तेवढे सगळे सांधे हलणार. ती करेक्शन नव्हे, नवी फिल्म झाली, आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. गाणं मध्येच खाली उतरवून त्या जागी मूळ आवाज वर आणणं हे मात्र थोड्या वेळात होण्यासारखं काम आहे. मंगलाष्टकांच्या सत्तेचाळीस सेकंदांत गाणं उतरलं, तर बाकी ठिकाणी ते कुणाला एवढं खटकणार नाही, असं मला वाटलं, आणि तसंच झालं.

गाण्याचं आणखी एक सांगायला हवं, कारण ताईला फिल्म यूट्यूबवर टाकायची होती. लग्नसमारंभात गाणी वाजवायला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, कलम ५२ मध्ये तसं म्हटलंय. पण ती सूट समारंभापुरती. फिल्ममध्ये सिनेमाचं गाणं घालून ती इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट झाली. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते, आणि मग गाण्याचा हक्क ज्याच्याकडे असेल तो आवाज बंद करू शकतो, फिल्म अडवू शकतो किंवा तिच्यावर जाहिरात लावू शकतो. आजींच्या मंगलाष्टकांना तो धोका नाही. ती त्यांचीच आहेत.

जांभळे चेहरे आम्ही सोडून दिले. रिसेप्शनच्या स्टेजवर एलईडी लाइट जांभळे होते, आणि तसा उजेड थेट चेहऱ्यावर पडला की कातडीचा मूळ रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. तो नंतर आणायचा कुठून? थोडं सौम्य करता येतं, तेवढं केलेलं दिसत होतं. फोकस चुकलेल्या शॉटचंही तेच. काकांचा शॉट लहान ठेवला होता, कारण तो अर्ध्यातून धूसर होतो, आणि त्यातला स्वच्छ भाग एडिटरने नेमका वेचून घेतला होता. हे दाखवल्यावर ताईच म्हणाली, मग त्याने चांगलंच केलं की.

शीर्षकपट्टीची चूक मात्र सरळ होती. सुरुवातीच्या पाटीवर दोन्ही ‘चि.’मधली वेलांटी च च्या पुढे पडलेली, आणि तिथीतला ‘शुद्ध’ फुटून द खाली पाय मोडलेला, ध वेगळा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचं सेटिंग भारतीय लिप्यांसाठी बदललं नाही, तर देवनागरी अशी सुटी पडते, आणि मराठी न येणाऱ्या एडिटरला त्यात काही चुकलंय असं वाटतही नाही. अशा वेळी ‘नाव नीट करा’ एवढं लिहिलं तर तो तेच अक्षर तसंच पुन्हा टाइप करतो. पत्रिकेचा फोटो जोडावा, म्हणजे त्याला अक्षराचा आकारच डोळ्यांनी जुळवून बघता येतो.

उरली होती झाल. विधी संपल्यावर वेळूच्या टोपलीत दिवे लावून ती वराकडच्या मंडळींच्या डोक्यावर धरतात. ती ना हायलाइटमध्ये होती, ना फुल व्हिडिओत. म्हणजे मुळात शूटच झालेली नसेल, किंवा झाली असली तरी घेण्यासारखी नसेल. तिची मागणी करता येत नव्हती, फक्त विचारता येत होतं.

आणि हे सगळं एका गोष्टीवर टांगलेलं होतं, ती म्हणजे रॉ डेटा अजून शिल्लक आहे का. चांगल्या प्रतीचं शूटिंग सेकंदाला १०० मेगाबिटने केलं, तर एका तासाला ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे, प्रत्येकाचे पाच तास, म्हणजे पावणेसातशे जीबी, आणि सुरक्षेसाठी दुसरी प्रत ठेवली तर एका लग्नाचे जवळपास दीड टीबी. सीझनमध्ये अशी वीस-पंचवीस लग्नं केली की स्टुडिओच्या कपाटात जागा उरत नाही. म्हणून फिल्म दिल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत डिस्क पुसून पुढच्या लग्नाला लावतात. किती दिवस ठेवायचं हे ज्याच्या त्याच्या करारावर असतं, आणि ताईच्या कोटेशनमध्ये त्याबद्दल काहीच नव्हतं. फिल्म येऊन तीन आठवडे झाले होते. डेटा पुसला गेला असेल तर आजींचा आवाज फुल व्हिडिओतून काढता आला असता, पण नवरीचा तो शॉट गाण्यासकट कापलेला, तेवढाच, मिळाला असता. म्हणून पत्रात तक्रारीच्या आधी हा प्रश्न आला.

ताईने विचारलं, फिल्म आपली की त्यांची? पैसे देऊन कुणाकडून फिल्म करून घेतली आणि करारात वेगळं काही ठरलं नसलं, तर तिचा पहिला कॉपीराइट करवून घेणाऱ्याचा, असं त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं. पण हक्क आपला म्हणून डिस्कवरचा डेटा सुरक्षित राहतो असं नाही. तो वेळेत मागावा लागतो, आणि तो घ्यायला डिस्क आपली द्यावी लागते.

ताईने लिहिलेलं पत्र हे असं:

‘नमस्कार दादा,

फिल्म मिळाली. विदाईचा भाग आम्ही सगळ्यांनी पुन्हा पुन्हा बघितला, तो फार छान झालाय. काही करेक्शन करून हव्या आहेत. त्याआधी दोन गोष्टी कळवाव्यात. लग्नाचा रॉ डेटा आणि एडिटिंगचा प्रोजेक्ट तुमच्याकडे अजून आहे का? असेल तर करेक्शन होईपर्यंत तो कृपया पुसू नका. मी २ टीबीची डिस्क पाठवते, त्यावर सगळा डेटा आम्हाला कॉपी करून द्यावा. त्याचा जो खर्च असेल तो सांगा.

खालच्या सगळ्या वेळा `Highlight_Final.mp4` या फाइलमधल्या आहेत.

१) ००:०८. पाटीवर दोन्ही ‘चि.’ आणि ‘शुद्ध’ हे शब्द तुटलेत. पत्रिकेचा फोटो सोबत जोडलाय, अक्षरं तशी दिसायला हवीत.

२) ०२:४८ ते ०३:३५. या भागात गाणं बंद करून मंगलाष्टकांचा मूळ आवाज हवा. `Full_Video.mp4` मध्ये १:१६:३५ पासून चौथं कडवं आहे, तेच घ्यावं. म्हणणाऱ्या बाई, जांभळं इरकल, चष्मा, हातात कागद, या नवरीच्या आजी आहेत आणि मंगलाष्टकं त्यांनीच नातीसाठी रचली आहेत. त्या किमान एकदा जवळून दिसाव्यात. १:१७:०० ला त्यांचा श्वास तुटतो, तेव्हा नवरी वळून बघते, आणि आजी पुन्हा सुरू करतात तेव्हा ती हसते. तुमच्या ०३:०६ च्या शॉटमध्ये तेच हसू आहे. आजींचं थांबणं आणि ते हसू एकत्र यावं, एवढीच आमची मुख्य मागणी आहे. त्यासाठी फिल्म थोडी लांबली तरी चालेल.

३) ०४:१० च्या आसपास कानपिळी घ्यावी, पाच-सहा सेकंद पुरेत. फुल व्हिडिओत १:५२:१० ला आहे. निळा कुर्ता घातलेला मुलगा नवरीचा भाऊ.

एक विचारायचं आहे. झालीचं काही शूटिंग झालंय का? झालं असेल तर जसं असेल तसं डिस्कवर द्यावं, फिल्ममध्ये नसलं तरी चालेल.

घरच्या सगळ्यांचं एकत्र करून हे लिहिलंय. यापुढे फक्त मी बोलेन. कधीपर्यंत होईल ते कळवा.’

तेवीसच्या तीन झाल्या. वेळा मुद्दाम सुरुवातीकडून शेवटाकडे लावल्या आणि सगळ्या एकाच फाइलच्या दिल्या. कारण मध्ये बारा सेकंद वाढले की पुढची प्रत्येक वेळ बारा सेकंदांनी सरकते, आणि चार दिवसांनी कुणी आणखी एक करेक्शन पाठवली की ती जुन्या फाइलची की नव्या, याचा गोंधळ होतो. मी स्वतः अशा पत्रावर काम करताना शेवटच्या करेक्शनपासून उलटी मागे येते, म्हणजे आधीच्या वेळा हलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाचा ताईला फोन आला. डेटा होता. एडिटिंग बाहेरगावच्या एडिटरकडे केलेलं होतं, आणि त्याला आजींचं काही सांगितलेलं नव्हतं. झालीच्या वेळी दोन कॅमेरे आवरून झाले होते, तिसऱ्यावर हातात धरून घेतलेले चाळीस सेकंद होते, अंधारे आणि हलणारे. तो म्हणाला, ‘काकू, तेवढंच आहे, पण देतो.’ त्याने डिस्क कॉपी करायचे पैसे सांगितले नाहीत, ताईने तरी पाठवले.

नऊ दिवसांनी दुसरी फाइल आली. पाटी नीट झाली होती, कानपिळी होती. मंगलाष्टकांचा भाग लागला आणि घरातले सगळे रडायला लागले. मला मात्र काहीतरी बोचत होतं. मी तो भाग पुन्हा लावला. नवरी मान वळवत होती आणि आजी त्यानंतर थांबत होत्या. कारण नंतर आणि परिणाम आधी. जेमतेम अर्ध्या सेकंदाचा फरक, म्हणजे बारा-तेरा फ्रेम. डोळ्याला तो थेट दिसत नाही, फक्त ते वळणं ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. खात्री करायची तर अक्षतांकडे बघायचं. ‘सावधान’ ऐकू येण्याच्या आधीच अक्षता उडालेल्या होत्या.

दुसऱ्या करेक्शनचं पत्र दोन ओळींचं होतं. ‘०३:०९ वर नवरी आधी वळते आणि आजी नंतर थांबतात, ते उलटं हवं. अक्षता आणि “सावधान” जुळवून बघावं.’ तीन दिवसांत तिसरी फाइल आली. आता आजी थांबतात, हॉल गप्प होतो, ती वळते, आजी चरण पकडतात, ती हसते.

ताईने ती फाइल लेकीला पाठवली. ती आता नोकरीसाठी बंगळूरला असते. रात्री तिचा फोन आला. म्हणाली, मला हे आठवतच नव्हतं गं. मी वळले होते हेसुद्धा नाही. फक्त एवढं आठवतं की आवाज थांबला, आणि मला वाटलं आजीला काहीतरी झालं.